विहिरीच्या पाण्यांतील जंतूंची पारख

विहिरीचें पाणी तपासणीस पाठविलें असतां 'कोलिफॉर्म जंतू आढळले' असा शेरा पुष्कळदां येतो. वाचकहो, ह्या एका नांवाखालीं निरनिराळीं खातीं मोडतात. एश्चेरिकिया कोलाय हा जंतू माणसांच्या व गुरांच्या आंतड्यांत राहतो. क्लेब्सिएला तेथें तर असतोच, पण मातींत व झाडपाल्यावरही सांपडतो. पहिला निघाला तर उकिरड्याचें किंवा शौचकूपाचें पाणी विहिरींत झिरपत असावें. दुसऱ्यावरून तसें निश्चित म्हणतां येत नाहीं.

ही फोड करण्यास पाण्यांतील जंतू तबकडीवर वाढवितात व एकाच ठिपक्यांतील निर्भेळ बीं दोन नळ्यांत पेरतात.

पहिली नळी सायमन्स यांनीं १९२६ सालीं योजिली. तींतील थिजविलेल्या अन्नांत कर्बाचा पुरवठा केवळ सोडियम सायट्रेटाचा व नत्राचा केवळ अमोनियम क्षाराचा, रंग हिरवा. क्लेब्सिएला सायट्रेट आंत ओढून घेतो व फोडून खातो. त्यांतून निघालेल्या कर्बवायूचा उरलेल्या सोडियमाशीं संयोग होऊन सोडा बनतो, अन्न अल्कधर्मी होतें आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हा रंग निळा पडतो. कोलायजवळ सायट्रेट पचविण्याचीं साधनें आहेत, परंतु हवेंत वाढतांना तें बाहेरून आंत घेण्याचें दार नाहीं; कोठार भरलेलें, पण कुलूप लागलेलें! म्हणून नळी हिरवीच राहते. सुईवर बीं अधिक आल्यास जुनें अन्नही सोबत येऊन खोटी वाढ दिसते. यास्तव बीं नाममात्र घ्यावें. प्राणवायु लागतो, म्हणून बूच सैल ठेवावें.

दुसरी नळी क्रिस्टेनसेन यांची, १९४६ सालची. तींत शेंकडा २ युरिया व फेनॉल रेड हा रंग असतो. युरिएज नांवाचें पाचक द्रव्य ज्या जंतूजवळ असेल तो युरियाचे अमोनिया व कर्बवायु असे भाग करतो; अमोनियानें पिवळसर नळी गुलाबी होते. गोठ्यांत मूत्र साचल्यावर नाकास झोंबणारा दर्प येतो, तो ह्याच क्रियेचा. प्रोटियस जंतू कांहीं तासांत नळी गुलाबी करतो. क्लेब्सिएलास एखादा दिवस लागतो. फार दिवस ठेविल्यास नळींतील पेप्टोन फुटूनही अमोनिया सुटतो. म्हणून युरियाविरहित नळी शेजारीं लावावी. युरिया उकळून निर्जंतुक करूं नये, तो उष्णतेनेंच फुटतो, गाळून घालावा.

समजा, एका विहिरीच्या पाण्यांतून दोन ठिपके घेतले. ३५ अंशांवर एक दिवस ठेविल्यावर पहिल्याच्या नळ्या हिरवी व पिवळी राहिल्या, दुसऱ्याच्या निळी व गुलाबी झाल्या. दुसरा क्लेब्सिएला असण्याचा संभव. पहिला कोलाय असावा. आम्ही 'असावा' म्हणतों, कारण विषमज्वराचा जंतूही हिरवी व पिवळी नळीच दाखवितो. तो दुधांतील साखर आंबवीत नाहीं, कोलाय आंबवितो; ती तपासणी होईपर्यंत त्या विहिरीचें पाणी उकळल्यावांचून पिऊं नये.