वटपौर्णिमा: सावित्रीने यमाकडे आधी काय मागितलं?

आजचं वाचन महाभारताच्या वनपर्वातलं आहे. जयद्रथाने द्रौपदीचं हरण केलं, पांडवांनी तिला सोडवून आणलं, आणि त्यानंतर खचलेला युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो की द्रौपदीसारखी दुसरी कोणी पतिव्रता कधी पाहिली किंवा ऐकली आहे का. उत्तरादाखल मार्कंडेय जी गोष्ट सांगतात, ती सावित्रीची.

वटपौर्णिमा जवळ आली की दरवर्षी दोन-तीन प्रश्न हमखास येतात. उपवास नक्की कोणत्या दिवशी? फ्लॅटमध्ये राहतो, वड नाही, मग फांदी आणली तर चालेल का? यंदा एका ताईने तिसरा प्रश्न विचारला: "आईचे पप्पा गेल्यापासून आजी त्या दिवशी घरातच बसते. तिला हे व्रत करता येतं का?" आधी गोष्ट पाहू, मग या तिन्ही प्रश्नांकडे येऊ.

गोष्ट, मुळात आहे तशी

मद्र देशाचा राजा अश्वपती. मूल नव्हतं म्हणून त्याने अठरा वर्षं सावित्रीदेवीची उपासना केली. देवीच्या कृपेने मुलगी झाली, म्हणून नाव सावित्री. ती इतकी तेजस्वी होती की मागणी घालायला कोणी धजेना. शेवटी वडीलच म्हणाले, बाई, तूच जा आणि तुझा वर शोध. ती रथातून निघाली, तपोवनं फिरली आणि परत येऊन सत्यवानाचं नाव सांगितलं. त्याचा बाप द्युमत्सेन हा शाल्वांचा राजा. डोळे गेले, शत्रूने राज्य घेतलं, आणि तो बायको-मुलासह रानात राहत होता.

नारद तिथेच बसले होते. ते म्हणाले, मुलगा गुणी आहे, पण आजपासून बरोबर एका वर्षाने मरणार. अश्वपती म्हणाला, दुसरा कोणी निवड. सावित्रीने नाही म्हटलं. मनाने एकदा ठरवलं ते ठरवलं, एवढंच तिचं म्हणणं.

लग्न झालं. दागिने काढून तिने वल्कलं नेसली, सासू-सासऱ्यांची सेवा केली, आणि मनातल्या मनात दिवस मोजत राहिली. नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला नाही, कोणालाच नाही. चार दिवस उरले तेव्हा तिने त्रिरात्र व्रत धरलं, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री अन्न न घेता उभं राहायचं. सासरे म्हणाले, हे फार कठीण आहे गं. ती म्हणाली, काळजी करू नका, मी पार पाडीन. आपल्या उपवासाचं मूळ इथे आहे. आजही व्रताच्या पोथीत त्रयोदशीपासून तीन दिवसांचा उपवास सांगितलेला असतो. बहुतेक घरांत तो आता एका दिवसावर आला आहे, आणि आपल्याकडे बीडला त्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन तो निभावतात.

चौथ्या दिवशी सत्यवान कुऱ्हाड घेऊन लाकडं आणायला निघाला. सावित्री म्हणाली, मीही येते. वर्षभरात तिने सासरी काहीही मागितलेलं नव्हतं, हे सासऱ्यांना आठवलं आणि त्यांनी परवानगी दिली. रानात लाकूड फोडताना सत्यवानाला घाम फुटला, डोकं ठणकायला लागलं. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला. तेवढ्यात तांबडी वस्त्रं नेसलेला, हातात पाश घेतलेला यम समोर उभा राहिला. त्याने सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष काढला आणि तो दक्षिणेकडे चालू लागला. सावित्री त्याच्या मागे निघाली.

मागण्यांचा क्रम बघा

यम म्हणाला, मागे फिर, त्याचं उत्तरकार्य कर. ती म्हणाली, जाणती माणसं सांगतात की सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते. आपण तेवढं चाललो आहोत, तर मैत्रीच्या नात्याने ऐका. मग ती धर्माबद्दल आणि सज्जनांच्या संगतीबद्दल बोलत राहिली. यम तिच्या बोलण्यावर प्रसन्न झाला आणि म्हणाला, याचा जीव सोडून काहीही माग.

तिने पहिला वर मागितला तो सासऱ्यांच्या डोळ्यांसाठी. दुसरा, सासऱ्यांचं गेलेलं राज्य परत मिळावं. तिसरा आपल्या वडिलांना शंभर मुलगे व्हावेत, कारण त्यांना ही एकुलती एक. चौथा, मला सत्यवानापासून शंभर मुलगे व्हावेत. यमाने तोही दिला.

ती तरीही चालतच राहिली आणि बोलतच राहिली. पाचव्या वेळी यम इतका खूश झाला की "याचा जीव सोडून" ही अट घालायचंच विसरला. सावित्रीने ते बरोबर पकडलं. म्हणाली, या वेळी तुम्ही अट घातली नाहीत, म्हणून सत्यवान जिवंत व्हावा. शिवाय मुलं दिलीत आणि नवरा नेताय, मग तुमचाच शब्द खरा कसा होणार? यमाने पाश सोडला आणि सत्यवानाला चारशे वर्षांचं आयुष्य दिलं.

"हाच नवरा सात जन्म मिळो" ही मागणी या संवादात कुठेही नाही. ती नंतरच्या लोकपरंपरेतून आली. इथे सावित्री आधी एका आंधळ्या म्हाताऱ्याचा विचार करते, मग त्याच्या संसाराचा, मग माहेरचा. नवऱ्याचा जीव ती सगळ्यात शेवटी मागते. डोक्यावर काळ उभा असताना तिने मागण्यांचा क्रम ढळू दिला नाही. तीन दिवसांचा उपवास कशासाठी होता, हे मला या क्रमातून कळतं. भूक आणि भीती दोन्ही सोसून बुद्धी जागी ठेवायची, हीच त्या व्रताची तयारी होती.

मग वड कुठून आला?

महाभारतात त्या झाडाला वड म्हटलेलं नाही. वड आला तो पुढच्या व्रतकथांमधून. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि त्यांचीच खोडं होतात, म्हणून मूळ खोड पोकळ झालं तरी झाड जगतं. मरण मागे हटवल्याच्या गोष्टीला याहून शोभणारं झाड सापडलं नसतं.

पूजा साधी आहे. सुपारीवर किंवा चित्रावर सावित्री, सत्यवान आणि यम यांचं आवाहन करायचं. वडाच्या बुंध्याला पाणी घालायचं, हळद-कुंकू, फुलं वाहायची. गहू आणि आंब्याने ओटी भरायची, आणि पांढरं सुती सूत गुंडाळत प्रदक्षिणा घालायच्या. प्रदक्षिणा बहुतेक घरांत सात असतात, काही जणी एकशे आठ घालतात. मग एकमेकींना आंब्याचं वाण द्यायचं.

सूत मात्र सुतीच घ्या. ते पावसात कुजून आपोआप गळतं. बाजारातला नायलॉनचा चमकदार दोरा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि कोवळ्या पारंब्यांना करकचून बसतो. पुढच्या वर्षी जाऊन बघा, साल दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी फुगलेली दिसेल. कापूर आणि दिवेही मुळाशी टेकवून लावू नका, साल भाजते.

फांदीबद्दल. ज्या झाडाचं आयुष्य पूजायचं, त्याचीच फांदी तोडून आणायची आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकायची, हे गोष्टीशी जुळत नाही. पाटावर चंदनाने वड काढा किंवा वडाचं चित्र लावा, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराई आहे. तिथे 2020 च्या फेब्रुवारीत वृक्षसंमेलन भरलं आणि त्याचं अध्यक्षपद एका वडाला दिलं गेलं. गावी गेलात तर तिथला वड बघून या.

दिवस कसा ठरतो

वटपौर्णिमेचा नियम नेहमीच्या तिथींपेक्षा वेगळा आहे. एरवी सूर्योदयाला जी तिथी असते ती आपण त्या दिवसाची धरतो. इथे चतुर्दशीला जोडून आलेली पौर्णिमा घेतात, फक्त ती सूर्यास्ताआधी सहा घटिकांपेक्षा जास्त हवी. एक घटिका म्हणजे 24 मिनिटं, म्हणजे सहा घटिकांचे 2 तास 24 मिनिटं.

2025 चं उदाहरण घेऊ. 10 जूनला पौर्णिमा सकाळी साडेअकराच्या सुमारास लागली आणि 11 तारखेला दुपारी संपली. 11 ला सूर्योदयाला पौर्णिमा होती, म्हणून अनेकींना तोच दिवस वाटला. पण 10 ला आपल्याकडे सूर्यास्त साधारण सातला, म्हणजे त्याआधी सात तासांहून जास्त पौर्णिमा होती. म्हणून व्रत 10 ला. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे मे अखेरची पौर्णिमा अधिक महिन्याची. व्रत निज ज्येष्ठात, 29 जूनला.

आता आजीचा प्रश्न

जुन्या व्रतग्रंथांत स्कंदपुराणाच्या नावाने एक वचन येतं. त्याचा अर्थ असा की सधवा असो वा विधवा, मूल असो वा नसो, कोणत्याही स्त्रीने हे व्रत करावं. म्हणजे आजीला घरात बसवणारी गोष्ट शास्त्र नाही, रूढी आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गावाकडची माझी मावशी आठवली. काका गेले तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. दरवर्षी सगळ्या गल्लीसाठी सुताच्या गुंड्या तीच करून ठेवते, आणि बायका वडाकडे निघाल्या की आत जाऊन भगर निवडत बसते. मी फोनवर तिला हे वचन सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोथीत हाय का खरंच? मला वाचून दाखव, तू आल्यावर."

यंदा मी जाणार आहे. पोथी बॅगेत ठेवली आहे.

ताई, तुम्हीही आजीला विचारून बघा. जबरदस्ती नको, तिला नको वाटलं तर तेही ठीक. पण विचारायचं राहून जाऊ नये.

उद्याच्या वाचनात सावित्री आणि सत्यवान अंधारातून आश्रमात परततात, आणि द्युमत्सेनाला दिसू लागलेलं असतं. तिथून पुढे. राम कृष्ण हरी!