दहा रुपयांच्या पाकिटात चकली किती?

प्रश्न : मी बीएमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या पाकीटबंद खाऊच्या ब्रँडला मार्केटिंग मिक्स लावून दाखवा’ अशी असाइनमेंट आमच्या गटाला मिळाली आहे. आम्ही भाजणीची चकली निवडली. घरगुती चव, ४० ग्रॅमचं पारदर्शक पाकीट, किंमत १० रुपये, विक्री सगळ्या दुकानांत आणि जाहिरात समाजमाध्यमांवर, अशी चार पींची चार पानं लिहून झाली. मॅडमनी वही परत देताना शेरा मारला : ‘चारही उत्तरं बरोबर, पण मिक्स कुठे आहे?’ त्यांना नेमकं काय हवं असेल?

— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : तुमच्या मॅडमचा शेरा अगदी नेमका आहे. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन ही चौकट जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली आपल्या पाठ्यपुस्तकात मांडली. पण ‘मिक्स’ हा शब्द त्याआधीचा. नील बोर्डन यांनी तो रूढ केला, आणि त्याची कल्पना त्यांना सहकारी जेम्स कलिटन यांच्या एका वर्णनावरून सुचली होती. मार्केटिंग करणारा माणूस म्हणजे घटक एकत्र कालवणारा, असं ते वर्णन होतं. तुम्ही भाजणीच निवडली आहे, तेव्हा हे लगेच पटेल. भाजणीत डाळ वाढवली की तांदळाचं प्रमाण तेच ठेवून चालत नाही. तुमच्या चार पानांत मात्र एक पान बदललं, तर उरलेल्या तिघांना काहीच होत नाही.

आता ही चकली विकायला काढू. सुरुवात प्लेसपासून करा. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ सालची. आज तिथे कारखान्यांच्या जोडीला आयटी कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि किसननगर, सावरकरनगरसारखी दाट वस्ती तिला लागून आहे. म्हणजे गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक कंपनीच्या गेटसमोर टपरीवर चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत मागणारं, दुसरं किराणा दुकानातून घरी डब्यात भरायला नेणारं. ‘सगळी दुकानं’ हे म्हणूनच उत्तर होत नाही. आपण टपरी धरू.

टपरी धरली की किंमत ठरूनच गेली. तिथे ५ किंवा १० रुपयांचं पाकीट चालतं. साडेअकरा रुपयांचं चालत नाही, कारण सुट्या पैशांसाठी कोणी थांबत नाही. दहाची किंमत हलत नसेल, तर हलतं ते वजन. म्हणून हिशेब उलटा, दहा रुपयांपासून मागे करायचा. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही खरे आकडे दुकानदाराला आणि उत्पादकाला विचारून घाला.

टपरीवाल्याला पाकीट ८ रुपये २० पैशांना मिळतं आणि वितरक ते ७ रुपये ६० पैशांना उचलतो, असं धरू. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. पाकीटबंद नमकीनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे. तो वजा केला की कारखान्याच्या हाती ७ रुपये २४ पैसे येतात. त्यातून फिल्म आणि खोक्याचे ९० पैसे, वाहतूक आणि फिरत्या विक्रेत्याचे ७०, तुटफूट आणि परत आलेल्या मालाचे २४, मजुरी, भाडं आणि विजेचे १ रुपया ६०, आणि नफ्याचे ८० पैसे काढा. उरतात बरोबर ३ रुपये. धान्य, तेल, तीळ, मसाला आणि तळणीचा गॅस धरून तयार चकली किलोला १२० रुपये पडत असेल, तर ३ रुपयांत २५ ग्रॅम बसते. तुमच्या ४० ग्रॅमला ४ रुपये ८० पैसे लागतील. म्हणजे ८० पैसे नफा तर गेलाच, वर प्रत्येक पाकिटामागे १ रुपया खिशातून. तेल महागून चकली किलोला १५० वर गेली, तर पाकीट २० ग्रॅमवर येईल. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाचचाच राहतो आणि हलका होत जातो, त्यामागे हेच गणित असतं.

आता किंमत प्रॉडक्टलाही बदलते. दिवाळीची नेहमीची चकली आठ-दहा ग्रॅमची भरते. २५ ग्रॅममध्ये अशा दोन-तीनच बसतील, आणि वाटेत एखादी मोडली की गिऱ्हाइकाला पाकिटात चुराच दिसेल. तीच भाजणी बोटभर काड्यांत किंवा रुपयाएवढ्या लहान चकल्यांत पाडली, तर वजन तेवढंच राहून पाकीट भरलेलं वाटतं.

पारदर्शक पाकिटाचाही पुन्हा विचार करा. टपरीवर पाकिटांची माळ दर्शनी बाजूला टांगलेली असते आणि दुपारचं ऊन थेट तिच्यावर येतं. ऊन, उजेड आणि पाकिटातली हवा या तिन्हींमुळे तळणाचं तेल खवट होतं. पाकीट फोडताच जुन्या तेलाचा वास येतो आणि घशाशी खवखवतं. चकली मऊ पडणं हा दोष वेगळा. तिथे बहुतेक वेळा शिवण नीट बसलेली नसते आणि बाहेरची दमट हवा आत शिरते. पाकीट पाण्याखाली धरून दाबा. बुडबुडे आले तर शिवण गळते. मऊपणाला उपाय सीलिंगचा. खवटपणाला उपाय उजेड अडवणाऱ्या चंदेरी फिल्मचा आणि हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचा. दोन्हींचा खर्च वर धरलेल्या ९० पैशांतच बसवायचा आहे. ‘किती दिवस टिकते’ हे घरच्या कपाटात पाहू नका. बारा पाकिटं टपरीवरच टांगून ठेवा, दर आठवड्याला एक फोडा आणि वास, कुरकुरीतपणा यांची नोंद करा. असाइनमेंटमधलं सगळ्यात मोलाचं पान तेच होईल.

उरलं प्रमोशन. जाहिरातीसाठी या हिशेबात वेगळा पैसाच नाही. टपरीवर माल हलतो तो टपरीवाल्याने पुढे केला तर, आणि त्यासाठी प्रचलित उपाय म्हणजे ‘डझनावर एक फुकट’. ऐकायला ही योजना किरकोळ वाटते. पण बाराच्या पैशांत तेरा पाकिटं गेली की ८ रुपये २० पैशांचं पाकीट सरासरी ७ रुपये ५७ पैशांना पडतं. हा ६३ पैशांचा फरक कारखान्याने सोसला, तर कर धरून त्याच्या हातचे ६० पैसे गेले आणि ८० पैशांतले २० उरले. म्हणून अशी योजना नव्या टपरीवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांपुरतीच ठेवायची. ती कायमची झाली की तीच खरी किंमत होऊन बसते.

आता मिक्स दाखवायचं कसं, तर एक पी बदलून. टपरीऐवजी किसननगरातलं किराणा दुकान धरा. तिथे २०० ग्रॅमचं पाकीट ६० रुपयांना जाऊ शकेल. ग्रॅममागे ३० पैसे. टपरीवर तीच भाजणी ग्रॅममागे ४० पैशांना जाते. घरी नेणाऱ्याला हा फरक पाकिटावर वाचता येतो, कारण दर ग्रॅमची किंमत तिथे छापावी लागते. अखंड चकली आता परवडते, कारण मोडलेली एक मोठ्या पाकिटात खुपत नाही. फिल्मचा खर्च ग्रॅममागे कमी होतो. माल दुकानाच्या आत फळीवर, सावलीत राहतो. मात्र पाकीट घरी फोडल्यावर आठवडाभर पुरवून खाल्लं जातं, तेव्हा पुन्हा बंद करता येणारं तोंड हवं.

ही दोन पाकिटं शेजारी-शेजारी मांडा : टपरीचं २५ ग्रॅमचं आणि किराण्याचं २०० ग्रॅमचं. भाजणी एकच आहे, पण आकार, फिल्म, किंमत, योजना सगळं वेगळं झालं, आणि तेही जागा बदलल्यामुळे. मॅडम ज्या मिक्सबद्दल विचारत होत्या, ते या दोन पाकिटांमधल्या फरकात आहे.