पुडा पाहून दुसऱ्याच बिस्किटाचं नाव आठवलं तर?

बारावीनंतर अप्लाइड आर्टला जायचं म्हणणाऱ्या मुलीच्या आईवडिलांचा हल्ली पहिला प्रश्न असतो, "चित्र तर एआय दोन मिनिटांत काढून देतं, मग हिला काम कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी पनवेलमध्ये सहज येऊ शकेल असं एक काम घेऊ.

समजा, तालुक्यातल्या एका महिला बचत गटाला नाचणीच्या बिस्किटांसाठी पुडा हवा आहे. काम मिळालेली विद्यार्थिनी प्रॉम्प्ट लिहिते: ‘भारतीय ग्लुकोज बिस्किटांसारखा पुडा, पिवळे-पांढरे पट्टे, मधे गोड लहान मूल, लाल जाड अक्षरं.’ कुठल्याही कंपनीचं नाव तिने घातलेलं नाही. तरीही जे चित्र येईल ते वाण्याच्या दुकानात कुणालाही दाखवा, तो पार्ले-जीच म्हणेल. नाव टाळलं, पण वर्णन सगळं त्याच पुड्याचं केलं होतं.

वर्णन इतकं नेमकं नसतं तरी धोका होताच. ही साधनं अगणित चित्रांवर शिकलेली असतात आणि एखाद्या मालाच्या चित्रांत जो ब्रँड सर्वांत जास्त दिसतो, त्याच्याकडे ती आपोआप झुकतात. नुसतं ‘ग्लुकोज बिस्किट’ म्हटलं तरी ओढ तिकडेच. ‘पार्ले-जीसारखं नको’ असं लिहून सुटका होईल असं मुलांना वाटतं, पण बऱ्याचदा उलटंच घडतं. साधन ‘नको’ नीट पकडत नाही आणि नाव मात्र पकडतं. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, तिथे हे थोडं बरं चालतं. तरी नाव न घेणं उत्तम.

‘पण आमच्या चित्रात मूल वेगळं आहे, पट्टे आडवे आहेत’ या बचावाचं काय होतं, हे पार्लेच्याच एका खटल्यात दिसतं. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या तेव्हाच्या वेष्टनावर शेतघर, गाई, कोंबड्या आणि मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी होती. म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीच्या वेष्टनावरही शेतघर, गाई-कोंबड्या आणि एक मुलगी. फक्त हिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. नावही ‘ग्लुको’ऐवजी ‘ग्लुकोज’. खालच्या न्यायालयाने आणि मग उच्च न्यायालयानेही फरक दाखवून पार्लेचा दावा फेटाळला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजायचे नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. पुड्यांचा आकार, रंगसंगती आणि एकूण छाप पाहून, नेहमीच्या गिऱ्हाइकाने एकाऐवजी दुसरा पुडा उचलला असता का, एवढंच बघायचं. सामान्य गिऱ्हाईक काही शेरलॉक होम्स नसतं, हेही त्या निकालात आहे. मला तर पॅकेजिंगच्या पहिल्या तासाला हाच निकाल वाचून दाखवावासा वाटतो.

एआयच्या कामात मुलं चुकतात ती इथेच. साधनाने पार्ले-जीच्या जवळचं चित्र दिलं की ती मूल काढून ससा घालतात, पिवळ्याचा केशरी करतात आणि सुटलो म्हणतात. छाप मात्र तीच राहते. असं चित्र दुरुस्त करत बसू नये, टाकून द्यावं आणि प्रॉम्प्ट मुळापासून बदलावा.

बदलायचा म्हणजे ‘कशासारखं’ हा भाग काढून ‘काय आहे’ ते लिहायचं. नाचणीचा रंग तांबूस-तपकिरी असतो आणि तिचं कणीस मुठीत वळलेल्या बोटांसारखं दिसतं. गट पनवेलचा, म्हणजे कर्नाळ्याचा सुळका रोजच्या नजरेतला. मग प्रॉम्प्ट असा होतो: ‘तांबूस-तपकिरी पार्श्वभूमी, नाचणीचं एकच मोठं कणीस, त्याच्या आत वळलेल्या बोटांच्या मधोमध उभा कातळसुळका, दोनच रंग, लाकडी ठशाच्या छपाईचा पोत.’ माणूस, पट्टे आणि अक्षरं नकोत हे साधनात त्यासाठी वेगळी चौकट असेल तर तिथेच लिहायचं. अक्षरं मुद्दाम नकोत. साधनाने काढलेल्या अक्षरांत प्रसिद्ध लोगोंची वळणं शिरू शकतात. नाव नंतर स्वतः, परवाना असलेल्या फाँटमध्ये किंवा हाताने लिहावं.

यानंतरची तपासणी न्यायालयाच्या कसोटीवरूनच बेतता येते. चित्र बोटभर आकाराचं करून ओळखीच्या दहाएक जणांना क्षणभर दाखवायचं. मूळ ब्रँडचा पुडा समोर ठेवायचा नाही आणि ‘अमक्यासारखं वाटतं का’ असंही विचारायचं नाही, कारण प्रश्नातच उत्तर जातं. विचारायचं एवढंच, "हे कुठल्या कंपनीचं?" दोघांनी आपणहून एकच नाव घेतलं तर चित्र बाद. मग तेच चित्र कृष्णधवल करून बघावं. रंग काढल्यावर आठवण पुसली गेली तर दोष रंगसंगतीत, टिकली तर मांडणीत. भारतीय कायद्यात मालाचा आकार, वेष्टन आणि रंगांची जुळणीही ट्रेडमार्क ठरू शकते, त्यामुळे ‘फक्त रंगच तर सारखे आहेत’ हे उत्तर पुरत नाही.

शेवटी नोंदणीचा शोध. आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध मोफत आहे. बिस्किटांसाठी वर्ग ३० निवडायचा. नावाचा शोध उच्चारावरूनही घेता येतो, म्हणजे स्पेलिंग बदलून केलेली नक्कलही सापडते. चित्रासाठी व्हिएन्ना संकेतांक वापरतात: माणसांचा विभाग २, प्राण्यांचा ३, वनस्पतींचा ५. नाचणीच्या कणसासाठी ५ मध्ये आणि सुळक्यासाठी निसर्गदृश्यांच्या ६ मध्ये शोधायचं. यात काही सापडलं नाही म्हणजे सगळं मोकळं, असं मात्र नाही. नोंदणी न केलेल्या पण वर्षानुवर्षं बाजारात असलेल्या खुणेचा मालकही आपल्या नावाची चलती वापरल्याचा दावा लावू शकतो. म्हणून पनवेलच्या बाजारात, आसपासच्या दुकानांत फडताळांवरून एकदा नजर फिरवलेली बरी.

पालकांनी मुलांचं चित्र तपासू नये, करार मात्र जरूर वाचावा. ‘काम शंभर टक्के स्वतंत्र आहे, दावा आल्यास नुकसान डिझायनर भरेल’ अशी ओळ त्यात असेल तर अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने सही करू नये. त्या ओळीच्या जागी कोणता शोध, कोणत्या वर्गात, कोणत्या तारखेला घेतला ते लिहून द्यावं आणि नोंदणीची अंतिम तपासणी गिऱ्हाइकाने करायची, असं ठरवावं. प्रत्येक प्रॉम्प्ट, बाद केलेली चित्रं आणि हाताची कच्ची रेखाटनं तारखेसह जपून ठेवावीत. पुढे वाद झालाच, तर चित्र कुठून कसं आलं हे त्यांवरून दाखवता येतं. अर्थात साम्य असेल तर ‘मुद्दाम केलं नाही’ म्हणून छपाई थांबणं टळत नाही. फार तर भरपाईच्या मुद्द्यावर त्याचा उपयोग होतो.

या तपासणीतच एखाद्या मुलाला गोडी वाटू लागली, तर त्याने चित्रकार व्हायलाच हवं असं नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्यावर ट्रेडमार्क एजंटची परीक्षा देऊ शकतो. पनवेलकरांचे अर्ज ज्या मुंबईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातात, ते अँटॉप हिलला आहे. एका वर्गातल्या ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ४,५०० रुपये आहे, आणि बचत गटासारख्या गिऱ्हाइकाला हा अर्ज भरून देणारं माणूस गावातच हवं असतं.