समीकरणाआधी करंटची वाट धरा

बारावीला धाराविद्युत शिकवताना एका हुशार मुलीची वही तपासत होतो. परिपथ साधाच होता. 12 व्होल्टची एकच बॅटरी, तिच्यापुढे 2 ओहमचा रोध आणि त्यानंतर 6 आणि 3 ओहमचे दोन रोध समांतर. तिने थेट किरचॉफचे नियम लावून तीन समीकरणं मांडली होती. उत्तरं आली ती अशी: बॅटरीतून उणे 3 अँपिअर, 6 ओहममधून 3 आणि 3 ओहममधून उणे 6. जोडबिंदूवरची बेरीज जुळत होती, म्हणून तिला शंका आली नाही. पण या हिशेबाने 6 ओहमवर 18 व्होल्ट पडत होते. परिपथात बॅटरी 12 व्होल्टची एकच असताना हे 18 आले कुठून? आतल्या लूपमध्ये 3 ओहमवरून करंटच्या उलट दिशेने जाताना तिचं एक चिन्ह चुकलं होतं.

अशा वह्या दरवर्षी येतात. म्हणून मी मुलांना सांगतो, आधी आकृतीवर बोट ठेवा आणि बॅटरीच्या धन टोकापासून निघा. ऋण टोक शून्य धरलं, तर इथे विभव 12 आहे. नुसत्या तारेवरून जाताना तो तसाच राहतो, रोध ओलांडला की उतरतो. 6 आणि 3 समांतर म्हणजे मिळून 2 ओहम, पुढचे 2 धरून एकूण 4. म्हणजे करंट 3 अँपिअर. पहिल्या रोधावर 6 व्होल्ट उतरले, जोडबिंदूवर 6 उरले. दोन्ही फांद्यांची खालची टोकं शून्यावर, म्हणून दोघींवर तेच 6 व्होल्ट. एकीतून 1 अँपिअर, दुसरीतून 2. आलेले 3 वाटले गेले आणि पुढे पुन्हा एक झाले. रोधात करंट खर्च होत नाही, उतरतो तो विभव. ही एक गोष्ट पक्की झाली की निम्म्या चुका होतच नाहीत.

एवढं हाती आल्यावर खुशाल समीकरणं मांडा. चिन्ह चुकलं तर लगेच कळेल.

3 ओहमच्या फांदीत दुसरी बॅटरी घातली, धन टोक जोडबिंदूकडे, की रोध असे एकत्र करता येत नाहीत. तिथे किरचॉफ लागतोच. तरी आधी ती फांदी तोडून पाहा. उरले 2 आणि 6 ओहम, करंट दीड अँपिअर, जोडबिंदूवर 9 व्होल्ट. म्हणजे नवी बॅटरी बरोबर 9 व्होल्टची असेल तर त्या फांदीत काहीच वाहणार नाही. त्याहून कमी असेल तर करंट खाली जाईल, जास्त असेल तर वर येईल. तिथे उत्तरात उणे चिन्ह आलं, तर ते खरं आहे की चुकीचं, हे तुम्हाला समीकरण मांडण्याआधीच ठाऊक असेल.