आधी प्लग, मग गाडी

बाळ, विजेच्या गाडीचं बुकिंग करण्याआधी तुझ्या काकाचं एवढं ऐक. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. पण विश्रामबागच्या तुझ्या अपार्टमेंटमध्ये रात्री तिला वीज कुठून मिळणार, याचं उत्तर लेखी हातात येईपर्यंत शोरूमची पायरी चढू नकोस. गाडी दारात आल्यावर परवानगी मागायला गेलीस, तर समोरच्याला कळतं की तू अडलेली आहेस.

तुझाच आठवडा मांडून बघू. कुपवाडला कामाला जाऊन-येऊन रोजचे पंचवीस किलोमीटर. शनिवारी सकाळी आष्टा, पेठ नाका, कराड करत साताऱ्याला आई-बाबांकडे, म्हणजे एका बाजूचे सव्वाशे. तू बघितलेल्या गाडीची बॅटरी 30 युनिटची आहे. हमरस्त्यावर एसी लावून नव्वदच्या वेगाने चाललीस तर युनिटला सहा-सव्वासहा किलोमीटर धर. जाहिरातीतला आकडा धरू नकोस. सव्वाशे किलोमीटरला वीस युनिट गेले. साताऱ्याचं घर आपलं आहे, तिथे रात्रभर प्लग मिळतो, त्यामुळे रविवारी भरलेली गाडी घेऊन निघशील आणि सांगलीत पोहोचशील तेव्हा दहा युनिट उरलेले असतील. सोमवार ते शुक्रवार शहरातल्या फिरण्याला अठरा लागतील आणि शनिवारी निघताना बॅटरीत निदान पंचवीस हवेत. म्हणजे दर आठवड्याला सांगलीत तेहेतीस युनिट भरावे लागतील. सगळा प्रश्न या तेहेतीस युनिटांचा आहे.

खाली पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचा साधा पॉइंट असेल तर तो तासाला तीनेक युनिट देतो. भरताना थोडी वीज वाया जाते, ती धरली तरी दोन रात्रींत काम होतं आणि तू झोपलेली असतेस. पॉइंट नसेल तर आठवड्यातून दोनदा फास्ट चार्जरवर जाऊन तास-तासभर थांबायचं. पुढे कोणाची गाडी लागली असेल तर आणखी थांबायचं. तिथला युनिटचा दर घरापेक्षा बराच जास्त, वर जीएसटी. तरीही पेट्रोलपेक्षा किलोमीटरला खर्च सहसा कमीच येतो, हे मान्य करतो. पण चार्जर बंद पडला, अ‍ॅपवर पैसे अडकले, पावसात त्या भागाची लाइट गेली, की शनिवारचं साताऱ्याला जाणं राहिलं. म्हणून पैशांआधी खात्री बघ.

आता परवानगीचं. आपल्याकडे सातारा-सांगलीत आठ-दहा फ्लॅटच्या पुष्कळ इमारती सहकारी सोसायटी नसतात. त्या 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या असतात. काही ठिकाणी तर बिल्डर निघून गेला आणि संघटना कधी झालीच नाही. तुझी इमारत यातली कुठली, ते आधी बघ. मग घोषणापत्रात आणि तुझ्या खरेदीखतात पार्किंगबद्दल काय लिहिलंय ते वाच. ‘बिल्डरने तोंडी दिलंय’ याला किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या नहालचंद प्रकरणात सांगितलंय की इमारतीखालची खांबांमधली आणि उघडी पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. ती सगळ्यांची सामाईक. म्हणून सगळ्यांच्या बैठकीत ठराव करून घे: अमुक क्रमांकाची जागा तुझ्या वापराला, मीटरच्या खोलीपासून तिथपर्यंत केबल अमुक मार्गाने न्यायला परवानगी, खर्च तुझा, बिल तुझ्या मीटरवर. ठरावाची सहीची प्रत घे. पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलतो, तेव्हा हीच प्रत उपयोगी पडते.

मीटरसाठी फार अडत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले. मागितली तर गाडीसाठी वेगळी जोडणी मिळते आणि महापालिका-नगरपालिका हद्दीत नव्या जोडणीची मुदत सात दिवसांवर आणली आहे. पण महावितरण मीटर देईल, भिंत देणार नाही. भिंत शेजाऱ्यांची. घरच्याच मीटरवरून न्यायचं ठरवलंस तर मंजूर भार वाढवून घे. बिलाचाही विचार कर. तुझं घर महिन्याला सव्वाशे युनिट जाळतं, गाडीचे दीडशेच्या पुढे. दोन्ही मिळून 300 च्या आत बसतील. उन्हाळ्यात घरचा एसी चालला की 300 च्या वरचे युनिट महाग टप्प्यात जातात. ज्यांचं घरच अडीचशे-तीनशे युनिट घेतं, त्यांनी वेगळीच जोडणी घ्यावी. गाडी चार्ज करण्याचा दर निराळ्या वर्गात येतो, त्याला घरगुती टप्पे लागत नाहीत.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडायचा विचारही करू नकोस. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी पाच-सहा तास सलग पूर्ण करंट ओढते. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची केबल, निदान चार चौरस मिलिमीटरची, अंतर लांब असेल तर सहाची. तिला स्वतःचा एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अर्थिंग मोजून घे. जुन्या इमारतींत अर्थची तार असते, पण खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो. तसं असेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी वीज घेत नाही. अशा वेळी कोणी वायरमन न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘काम झालं’ म्हणाला, तर त्याला परत पाठव. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. आणि माझ्या वस्तादांनी मला शिकवलेलं तुला देतो: लोड सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला हात लाव. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर आत पकड सैल आहे. मग मेनपासून बंद करून सॉकेटच बदलायचं, नुसता स्क्रू आवळून भागत नाही.

सांगलीत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती साताऱ्यात नाही. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 ची आहे. गावभाग, खणभाग, मारुती चौकाकडे घर घेणाऱ्याने खालच्या पार्किंगमधला पॉइंट कितीही उंच लावला तरी उपयोग नाही. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पाणी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागलं की गाडी पूर्ण भरून उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवायची, आणि पॉइंटचा मेन बंद करायचा. नंतर वीज किती दिवस नसेल, सांगता येत नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही, प्लग तर लावायचाच नाही. कंपनीला बोलावून उचलून न्यायची.

ठराव झाला नाही तर? मग कुपवाडच्या कारखान्यात दिवसा प्लग लावू देतात का, ते मालकांकडून लेखी घे. तेही चालेल, रात्रीच हवं असं नाही. त्याला जोड म्हणून रोजच्या वाटेवर दोन वेगळ्या कंपन्यांचे फास्ट चार्जर आहेत का, ते बघ. आणि ते संध्याकाळी सातला, पावसाच्या दिवशी, प्रत्यक्ष जाऊन बघ. अ‍ॅपवर हिरवं दिसतं त्यावर जाऊ नकोस. यातलं काहीच जमलं नाही, केवळ सार्वजनिक चार्जरवर घरातली एकुलती गाडी चालवायची वेळ आली, तर माझं मत स्पष्ट आहे: आत्ता घेऊ नकोस. दोन वर्षं सीएनजीची वापर आणि तोवर इमारतीत ठराव करून घे. बैठक लागली की मला कळव, मी साताऱ्याहून येतो आणि केबलचा मार्ग सगळ्यांना स्वतः दाखवतो.