हाय-पास फिल्टर लावला की फोटो काळा का पडतो?

छातीचा एक्स-रे पाहिला तर फुफ्फुसांच्या गडद जागा आणि मधला पांढरा भाग लगेच दिसतो, पण बरगड्यांच्या कडा मात्र पुसट असतात. अशा चित्राचा फूरिए वर्णपट काढला, तर हळूहळू बदलणारा उजेड कमी वारंवारतेत जातो, आणि कडा व बारकावे जास्त वारंवारतेत. हाय-पास फिल्टर कमी वारंवारता दाबतो आणि जास्त तेवढी पुढे जाऊ देतो. मग कडा उठून दिसायला हव्यात. प्रत्यक्षात पडदा जवळजवळ काळा होतो.

कारण वर्णपटाच्या शून्य वारंवारतेत दडलेले आहे. तिथली संख्या म्हणजे सर्व पिक्सेलांची बेरीज, म्हणजेच चित्राचा सरासरी उजळपणा गुणिले पिक्सेलांची संख्या. हाय-पास फिल्टरची तिथली किंमत शून्य असते, त्यामुळे नव्या चित्राची सरासरीही शून्य होते. बरेच पिक्सेल ऋण होतात आणि पडद्यावर ते काळेच दिसतात.

यावर उपाय सोपा आहे. फिल्टरला b ने गुणायचे आणि त्यात एक स्थिरांक a मिळवायचा:

```
F = fft2(f)
H = a + b * Hhp
g = ifft2(F * ifftshift(H)).real
print(f.mean(), g.mean())
```

आता एक हिशेब करू. समजा सरासरी १०० आहे, संथ चढउतार ±४० आणि बारकावे ±५. फिल्टर आदर्श आहे असे धरू. नुसत्या हाय-पासनंतर शून्याभोवती ±५ एवढेच उरते. a = ०.५ आणि b = २ घेतले, तर सरासरी ५०, संथ चढउतार ±२० आणि बारकावे (०.५ + २) × ५ = ±१२.५ होतात. आधी बारकावे संथ चढउताराच्या एक-अष्टमांश होते, आता पाच-अष्टमांश झाले. म्हणजे ते तुलनेने पाचपट ठळक झाले.

चित्र मात्र निम्मे अंधारले, कारण नवी सरासरी नेहमी a × जुनी सरासरी असते. ती तशीच टिकवायची तर a = १ घ्या. पण मग संथ चढउतारही पूर्ण ±४० राहतो, आणि बारकावे ±१५ झाले तरी तुलनेत तिप्पटच ठळक होतात. म्हणून एक्स-रेसाठी बऱ्याचदा a एकपेक्षा कमी ठेवतात आणि नंतर हिस्टोग्राम समतल करून उजळपणा परत आणतात.

दोन ठिकाणी फसगत होते. काही प्रोग्राम दाखवताना सर्वांत लहान किंमत काळी आणि सर्वांत मोठी पांढरी करतात. तिथे नुसता हाय-पासही छान करडा दिसतो आणि सरासरी गेल्याचे कळतच नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, वरच्या कोडमधली शेवटची ओळ छापून पाहा. g ची सरासरी f च्या a पट नसेल, तर बहुधा फिल्टरचे केंद्र आणि वर्णपटाचे केंद्र जुळलेले नाही. Ifftshift विसरले की असे होते.

दुसरे म्हणजे, फिल्टरला कड आणि खरखर यांतला फरक कळत नाही. वरच्या उदाहरणात बारकाव्यांबरोबर बारीक खरखरही अडीचपट झाली. फुफ्फुसाच्या मोकळ्या जागेत दाणे दिसू लागले, की b कमी करायची वेळ आली.