तंबाखू सोडविताना : दवाखान्यातील दहा मिनिटांचा संवाद

तंबाखू वाईट हे खाणाऱ्याला सांगावे लागत नाही. पुडीवरचे चित्र तो रोज पाहतो. त्यामुळे दवाखान्यात वा आरोग्य शिबिरात त्याच्याशी बोलणाऱ्याने भाषण न देता पाच पायऱ्यांनी जावे, अशी रीत आहे. विचारणे, सल्ला देणे, तयारी पाहणे, मदत करणे आणि पुन्हा भेटणे या त्या पाच पायऱ्या होत. यांतील शेवटच्या दोन पायऱ्यांवर बहुतेकांचे प्रयत्न फसतात. हे एका उदाहरणाने पाहू या.

समजा, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांच्या कारखान्यात पाळीने काम करणारा एक चाळिशीतला कामगार दाताच्या दुखण्यासाठी आला आहे.

"भाऊ, तंबाखू खाता का? दिवसात किती?"

"एक पुडी. चुना लावून दहा-बारा बार होतात."

"उठल्यावर पहिला बार किती वेळाने?"

"उठलो की लगेच, साहेब. त्याच्याबगर पोट साफ होत नाही."

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार किंवा पहिली बिडी लागत असेल, तर निकोटीनची सवय पक्की झाली आहे असे समजावे. नुसता निश्चय अशा माणसाला बहुधा पुरत नाही.

सल्ला एकाच वाक्यात, त्याच्या दुखण्याला धरून द्यावा. "भाऊ, जिथे बार धरता तिथलीच हिरडी खाली सरकली आहे; तंबाखू पूर्ण बंद करा." तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे दिसले, तर त्याच दिवशी दंतवैद्याकडे पाठवावे.

मग तयारी पाहावी. "आधी कधी सोडली होती का?"

"दोन वर्षांमागं. नऊ दिवस टिकलो. रातपाळीत सोबत्यानं चिमूट पुढं केली."

या उत्तरातच पुढची योजना आहे. त्याला झोप आणि सोबती यांनी हरविले. म्हणून सोडण्याचा दिवस दोन आठवड्यांच्या आतला, पण दिवसपाळी सुरू होते तो ठरवावा. आदल्या रात्री पुडी आणि चुन्याची डबी दोन्ही टाकून द्याव्यात. सोबत्याला आधीच सांगून ठेवावे, "महिनाभर माझ्यापुढे हात करू नकोस." तलफ काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ पाणी पिणे, दीर्घ श्वास घेणे, जागेवरून उठून जाणे हे उपाय करावेत. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड व अस्वस्थता सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ती कमी होते. पोटाची तक्रारही खरीच असते. सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी ठेवली, की काही आठवड्यांत पोट बाराविना चालू लागते.

पक्की सवय असेल तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंगगम देता येतो. अर्ध्या तासाच्या आत पहिला बार घेणाऱ्यास साधारणतः ४ मिलिग्रॅमचा, इतरांस २ मिलिग्रॅमचा देतात. येथे एक चूक नेहमी होते. माणूस तो सुपारीसारखा सपासप चावतो, मग उचकी लागते, मळमळते आणि "औषध मानवत नाही" म्हणून तो सोडून देतो. गम सावकाश चावावा, झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवावा, त्या थांबल्या की पुन्हा चावावा. असे अर्धा तास करावे. त्याआधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये. गर्भवती स्त्रिया व नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले रुग्ण यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तो घेऊ नये.

तंबाखूऐवजी नुसती सुपारी, मिश्री किंवा बिडी धरणे म्हणजे सोडणे नव्हे. सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण होते.

आता पाचवी पायरी. पहिली भेट आठवड्याच्या आत, दुसरी महिन्याने ठेवावी. "सोडली ना?" असे विचारू नये, लाजेने "हो" असेच उत्तर येते. "शेवटचा बार कधी घेतला?" असे विचारावे.

समजा, तो म्हणाला, "परवा रातपाळीत एक चिमूट घेतली, साहेब. गेलं सगळं."

"काही गेलं नाही, भाऊ. त्याआधीचे अकरा दिवस तुमचेच आहेत. चिमूट किती वाजता, कोणाजवळ घेतली ते सांगा."

पहाटे तीनची चहाची सुट्टी हे कारण निघाले, तर त्या वेळी चहा दुसऱ्या ठिकाणी घेणे आणि तो संपल्यावर पाव तासाने गम तोंडात धरणे, एवढीच दुरुस्ती करावी. एक चिमूट म्हणजे घसरणे. दुसऱ्या दिवशी पुडी विकत घेणे म्हणजे परत पडणे. या दोहोंमधल्या काही तासांत काय करायचे, हे सोडण्याच्या दिवसाआधीच कागदावर लिहून द्यावे : उरलेली तंबाखू फेकणे, घरी सांगणे आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर बोलणे.

अशा थोडक्या संवादाने शंभरातले थोडेच पहिल्या खेपेस सुटतात. बहुतेकांना अनेक प्रयत्न लागतात. म्हणून परत पडलेल्याला रागावू नये. मागच्या वेळी कोठे पडलात, हे विचारून नवा दिवस ठरवावा.